फ्रीज केलेल्या ओळींनी पडदा व्यापला, की काय करायचं?

एका गृहनिर्माण संस्थेचा देखभाल शुल्काचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवलेला आहे, असं समजा. सचिवांनी फाईल आपल्या मोठ्या मॉनिटरवर तयार केली. वर संस्थेचं नाव, त्याखाली नोंदणी क्रमांक आणि पत्ता, मग आर्थिक वर्ष, मग मथळे, आणि डावीकडे अनुक्रमांक, सदनिका, सभासदाचं नाव, मोबाइल नंबर. खाली गेलं तरी मथळे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून त्यांनी वरच्या 6 ओळी आणि डावीकडचे 4 रकाने फ्रीज केले आणि फाईल खजिनदारांना पाठवली. खजिनदारांनी ती आपल्या लॅपटॉपवर उघडली. संस्थेचं नाव दिसतं, मथळे दिसतात, पण एकाही सभासदाची ओळ दिसत नाही. उजवीकडची पट्टी वर-खाली सरकते, माऊसचं चाक फिरतं, पडद्यावर मात्र काहीच हलत नाही. फाईल अडकली किंवा बिघडली असावी असं वाटून त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली, तरी तेच.

फाईल बिघडलेली नाही आणि एकही नोंद गेलेली नाही. फ्रीज केलेला भाग खिडकीपेक्षा मोठा झाला आहे, इतकंच. शाळेची गुणपत्रकं, दुकानाचा साठा, मंडळाची वर्गणी, पगारपत्रक अशा कुठल्याही फाईलमध्ये हे घडू शकतं. हे का घडतं ते एकदा कळलं, की दुरुस्तीला दोन-चार मिनिटं पुरतात.

फ्रीजचं माप ओळींत, खिडकीचं माप उंचीत

`View` टॅबमधलं `Freeze Panes` दाबलं, की निवडलेल्या सेलच्या वरच्या सगळ्या ओळी आणि डावीकडचे सगळे रकाने जागच्या जागी थांबतात. आपल्या उदाहरणात सचिवांनी E7 हा सेल निवडला होता. म्हणून 1 ते 6 या ओळी आणि A ते D हे रकाने थांबले. ही माहिती फाईलमध्येच साठवली जाते. `.xlsx` फाईलच्या पोटात शिरून पाहिलं, तर त्या शीटच्या नोंदीत अशी एक ओळ सापडते:

```
<pane xSplit="4" ySplit="6" topLeftCell="E7" activePane="bottomRight" state="frozen"/>
```

इथे `ySplit="6"` म्हणजे सहा ओळी आणि `xSplit="4"` म्हणजे चार रकाने. या सहा ओळी किती उंच आहेत, बघणाऱ्याचा पडदा केवढा आहे, याचा त्यात उल्लेखही नाही. एक्सेल फक्त आकडा लक्षात ठेवतं आणि कुठल्याही पडद्यावर त्या सहा ओळी पूर्ण उंचीनिशी मांडतं. सरकणाऱ्या भागाला उरलेली जागा मिळते. ती दहा ओळींची असेल, दोन ओळींची असेल किंवा मुळीच नसेल.

आता आकडे मांडून पाहू. एक्सेलमधली साधी ओळ 15 पॉइंट उंच असते, म्हणजे नेहमीच्या मापाच्या पडद्यावर 20 पिक्सेल. पण वरच्या सहा ओळी साध्या नाहीत. संस्थेचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, ती ओळ 60 पिक्सेलची. नोंदणी क्रमांक आणि पत्त्याची ओळ 40, वर्षाची 30, एक रिकामी ओळ 20, गटांच्या मथळ्यांची ओळ 40. सहाव्या ओळीत ‘मागील थकबाकी व त्यावरील व्याज’ अशा लांब नावांचे मथळे अरुंद रकान्यांत घड्या पडून बसले आहेत, ती 120 पिक्सेलची झाली आहे. एकूण बेरीज 310. मराठी मजकुराच्या शीटमध्ये ही उंची सहज वाढते. मात्रा, वेलांट्या, उकार यांना वर-खाली जागा लागते आणि मंगलसारखा फॉन्ट ओळीला चांगलीच उंची देतो. म्हणून सभासदांच्या ओळीही 20 ऐवजी 25 पिक्सेलच्या धरू.

खिडकीची सगळी उंचीही आकड्यांच्या वाट्याला येत नाही. वरचं नाव, टॅब, रिबन, फॉर्म्युल्याची पट्टी, A-B-C ही अक्षरं, खाली शीटची नावं, स्थितीपट्टी आणि विंडोजचा टास्कबार मिळून साधारण 300 पिक्सेल जातात. आपण 308 धरू. सचिवांचा मॉनिटर 1080 पिक्सेल उंच. त्यातून 308 गेले, 772 उरले. फ्रीजचे 310 गेले, तरी 462 उरले, म्हणजे 18 सभासद एका वेळी दिसतात. त्यांना अडचण जाणवणं शक्यच नव्हतं.

खजिनदारांचा लॅपटॉप 1366 बाय 768 चा. तिथे 768 मधून 308 वजा केले की 460 उरतात, आणि फ्रीजचे 310 गेल्यावर 150, म्हणजे जेमतेम 6 सभासद. पण खजिनदार ज्येष्ठ आहेत. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांनी विंडोजच्या सेटिंगमध्ये `Scale` 125% ठेवलं आहे. त्यामुळे प्रत्येक गोष्ट सव्वापट मोठी होते आणि 768 चा पडदा व्यवहारात 614 पिक्सेलचा उरतो. त्यातून 308 गेले की 306. फ्रीज केलेल्या भागालाच 310 हवेत. सभासदांच्या ओळींना जागा शिल्लकच नाही.

रुंदीचंही तसंच. डावीकडचे चार रकाने मिळून 520 पिक्सेल घेतात. खजिनदारांच्या पडद्यावर आकड्यांसाठी सुमारे 1045 पिक्सेलची रुंदी आहे. निम्मी जागा तिथेच संपते आणि एप्रिल ते मार्च या बारा महिन्यांपैकी सातच एका वेळी दिसू शकतात.

सरकतं खरं, पण दिसत नाही

अशा वेळी सरकपट्टी खोटं बोलत नसते. खालचा भाग खरोखर सरकत असतो, फक्त तो खिडकीच्या कडेच्या पलीकडे असतो. याची खात्री करायला एक साधी खूण आहे. फॉर्म्युल्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला एक छोटी चौकट असते, तिच्यात निवडलेल्या सेलचा पत्ता दिसतो. खाली जाण्याचा बाण दाबत राहा आणि त्या चौकटीकडे पाहा. E7, E8, E9 असा पत्ता बदलत असेल आणि शीट मात्र स्थिर असेल, तर दोष फ्रीजचा आहे. पत्ताही बदलत नसेल, तर कारण वेगळं आहे. कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक चालू राहिलेलं असू शकतं किंवा एक्सेल खरोखरच अडकलेलं असू शकतं.

दुसरी खूण `Page Down` या कळीची. ही कळ सरकणाऱ्या भागाच्या उंचीइतकं पुढे नेते. मोठ्या पडद्यावर ती 18 ओळी ओलांडते, लहान पडद्यावर सहा. एका दाबात दोन-तीनच ओळी पुढे जात असतील, तर खिडकीतला बहुतेक भाग थांबलेला आहे हे ओळखावं. `Ctrl+Home` दाबल्यावर A1 ऐवजी E7 वर जाणं हीसुद्धा फ्रीजचीच खूण आहे, कारण फ्रीज असताना ही कळ सरकणाऱ्या भागाच्या पहिल्या सेलवर नेते.

या अवस्थेत घाईने काहीही टाइप करू नये. निवडलेला सेल दिसत नसला तरी तो निवडलेला असतो, आणि दाबलेला आकडा त्यात जाऊन बसतो. एखाद्या सभासदाच्या जूनच्या रकमेवर अशी भलतीच संख्या पडली, तर ती महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पत्त्याच्या चौकटीकडे न पाहता काही टाइप केलं गेलं असेल, तर लगेच `Ctrl+Z` दाबून ते मागे घ्यावं.

सुटका

मुख्य उपाय एकाच बटणाचा आहे. `View` टॅबवर जा, `Freeze Panes` उघडा. फ्रीज चालू असेल, तर यादीतली पहिली ओळ `Unfreeze Panes` अशी दिसते. ती दाबली की सगळं मोकळं होतं. विंडोजवर हेच `Alt` आणि मग `W`, `F`, `F` अशा कळींनी होतं. मजकूर, सूत्रं, रंग यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. शीटला पासवर्डचं संरक्षण असलं, तरी बहुतेक वेळा हे बटण चालतं.

बटण फिकं दिसत असेल, तर दोन कारणं तपासा. एखाद्या सेलमध्ये टाइप करणं अर्धवट सोडलेलं असेल, तर `Esc` दाबा. शीट `Page Layout` या दृश्यात असेल, तर `View` टॅबवरून `Normal` निवडा, कारण त्या दृश्यात फ्रीज चालत नाही.

फ्रीज न काढता तात्पुरतं भागवायचं असेल, तर `Ctrl+F1` ने रिबन मिटवा. तीन-चार ओळींची जागा मोकळी होते. किंवा उजवीकडे खालच्या कोपऱ्यातून झूम 70% वर आणा. आपल्या उदाहरणात फ्रीजचे 310 पिक्सेल 217 वर येतात, सभासदांच्या ओळीही लहान होतात आणि पाच ओळी दिसू लागतात. पण ज्यांनी अक्षरं मोठी हवीत म्हणून पडदाच सव्वापट केला, त्यांना 70% वर वाचायला लावणं हा काही उपाय झाला नाही.

गूगल शीट्समध्ये हीच सोय `View` मेन्यूतल्या `Freeze` खाली `No rows` आणि `No columns` या नावांनी आहे. मात्र तिथे फ्रीज शीटवर लागू होतं, म्हणजे एकाने बदललं की ते सगळ्यांसाठी बदलतं. फाईल फक्त पाहण्यापुरती मिळाली असेल, तर `File` मेन्यूतून `Make a copy` करून आपल्या प्रतीत ते काढता येतं.

चुकीच्या जागी फ्रीज कसं होतं?

सचिवांनी निदान ठरवून सहा ओळी फ्रीज केल्या होत्या. पुष्कळदा ठरवलेलं एक असतं आणि होतं दुसरंच. याची नेहमीची कारणं तीन.

पहिलं कारण म्हणजे A1 निवडलेला असताना `Freeze Panes` दाबणं. A1 च्या वर ओळ नाही आणि डावीकडे रकाना नाही. मग एक्सेल आपल्या मनाने खिडकीच्या मध्यावर रेघ मारतं, आणि वरचा अर्धा व डावीकडचा अर्धा भाग थांबवतं. मोठ्या मॉनिटरवर पंधरा-वीस ओळी अशा थांबल्या, की लहान लॅपटॉपवर त्या ओळींनीच खिडकी भरून जाते.

दुसरं कारण शीट आधीच खाली सरकलेली असणं. खिडकीत वर 12 वी ओळ दिसत असताना फ्रीज केलं, तर 1 ते 11 या ओळी वर अडकतात आणि कितीही सरकवलं तरी दिसत नाहीत. त्या लपवलेल्या ओळी समजून लोक `Unhide` करत बसतात आणि उपयोग होत नाही. `Freeze Top Row` हे बटणसुद्धा पहिली ओळ थांबवत नाही, त्या क्षणी वर दिसणारी ओळ थांबवतं. ओळींचे क्रमांक 1 ऐवजी भलत्याच आकड्यापासून सुरू होत असतील, तर हे कारण समजावं. फ्रीज काढून `Ctrl+Home` दाबलं, की वरच्या ओळी परत येतात.

तिसरं कारण विसरलेलं `Split`. शीट आधीच विभागलेली असेल, तर `Freeze Panes` निवडलेला सेल न पाहता त्या विभागणीच्या रेघेवरच फ्रीज करतं.

विभागणी आणि फ्रीज यांतला फरक

`View` टॅबवर `Freeze Panes` जवळच `Split` असतं. दोन्हींनी खिडकीचे दोन किंवा चार भाग होतात, पण त्या भागांची वागणूक वेगळी असते. विभागलेल्या खिडकीत प्रत्येक भाग सरकतो. चार भाग असतील, तर उभ्या सरकपट्ट्या दोन आणि आडव्याही दोन दिसतात. शेजारशेजारचे भाग वर-खाली बरोबरीने सरकतात, आणि एकाखाली एक असलेले भाग डावी-उजवीकडे बरोबरीने सरकतात. फ्रीज केलेल्या खिडकीत सरकपट्टी एकच असते. वरचा भाग फक्त आडवा सरकतो, डावीकडचा फक्त उभा, आणि वरचा डावा कोपरा कुठेच जात नाही.

म्हणूनच विभागणीत माणूस अडकत नाही. खालचा भाग खिडकीबाहेर गेला, तरी वरचा भाग सरकवून कुठल्याही ओळीपर्यंत पोहोचता येतं. मधली रेघ माऊसने धरून वर-खाली नेता येते आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं की ती निघून जाते. फाईलमध्येही या रेघेची जागा ओळींच्या संख्येत नसते. ती पॉइंटच्या विसाव्या भागात, म्हणजे अंतर म्हणून लिहिलेली असते. फ्रीजची रेघ अशी ओढता येत नाही. ती हलवायची, तर फ्रीज काढून नव्याने करावं लागतं.

विभागणीचा खरा उपयोग एकाच शीटच्या दूरदूरच्या ओळी समोरासमोर ठेवण्यासाठी होतो. 140 सभासदांच्या यादीखालची एकूण बेरीज खालच्या भागात ठेवून वरच्या भागात एकेक रक्कम तपासत जाता येतं. ती बदलली की खाली बेरीज बदललेली दिसते. एक लक्षात ठेवायला हवं, की दोन्ही भाग एकाच शीटचे असतात. तीच ओळ वर आणि खाली अशी दोनदा दिसली, म्हणून नोंद दोनदा झाली असं समजून एक पुसली, तर मूळ नोंदच जाते.

या दोन्ही सोयींचं मूळ लहान पडद्यातच आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी 1979 मध्ये ॲपल-टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क आणलं. त्या संगणकाच्या पडद्यावर 24 ओळी आणि एका ओळीत 40 अक्षरं मावत, तर शीटमध्ये 254 ओळी आणि 63 रकाने होते. म्हणून मथळे थांबवण्याची आज्ञा आणि खिडकी विभागण्याची आज्ञा त्यात तेव्हाच होती. विभागलेले भाग बरोबरीने सरकावेत की वेगवेगळे, हेही तिथे ठरवता येई. आज एक्सेलच्या शीटमध्ये 10,48,576 ओळी आणि 16,384 रकाने असतात. पडदा मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही, आणि फोनवर तर तो पुन्हा तळहाताएवढा झाला आहे.

संस्थेची फाईल नीट कशी करावी?

सहा ओळींपैकी आकडे भरताना खरोखर लागते ती फक्त मथळ्यांची ओळ. संस्थेचं नाव, पत्ता आणि वर्ष छापील कागदावर हवं असतं, पडद्यावर नाही. त्याची योग्य जागा पानाच्या शीर्षभागात आहे. `Page Layout` टॅबवर `Page Setup` गटाच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा, `Header/Footer` मध्ये `Custom Header` निवडा आणि तिथे ते लिहा. `Insert` टॅबवरून हेडर टाकायला गेलं, तर एक्सेल `Page Layout` दृश्यात शिरतं आणि त्यासाठी फ्रीज काढायला सांगतं, म्हणून हा मार्ग बरा. आता वरच्या पाच ओळी काढून टाका. फ्रीजचा छपाईशी संबंध नसतो. मथळे प्रत्येक छापील पानावर हवे असतील, तर त्याच चौकटीतल्या `Sheet` भागात `Rows to repeat at top` समोर `$1:$1` लिहावं लागतं.

मग मथळे आखूड करा. ‘मागील थकबाकी व त्यावरील व्याज’ ऐवजी ‘थकबाकी’ आणि ‘व्याज’ असे दोन रकाने केले, तर ओळ 120 वरून 40 पिक्सेलवर येते. डावीकडे सदनिका आणि नाव पुरेसं आहे. अनुक्रमांक आणि मोबाइल नंबर शेवटी उजवीकडे न्यावेत. नावाचा रकाना 280 वरून 200 पिक्सेल केला, तर डावीकडचा थांबलेला भाग 520 वरून 280 होतो. शेवटी फ्रीज काढलेलं आहे ना ते पाहा, `Ctrl+Home` दाबा, C2 निवडा आणि `Freeze Panes` करा.

खजिनदारांच्या 306 पिक्सेलमधून आता 40 जातात, 266 उरतात. जिथे एकही सभासद दिसत नव्हता, तिथे 10 दिसतात, आणि सातऐवजी दहा महिने. सचिवांच्या मॉनिटरवरही 18 ऐवजी 29 सभासद दिसू लागतात.

मथळ्यांची एकच ओळ असेल आणि सेल जोडलेले नसतील, तर याहून सोपी वाट आहे. यादीत कुठेही उभं राहून `Ctrl+T` दाबा आणि तिचा एक्सेल टेबल करा. मग खाली सरकल्यावर, निवडलेला सेल टेबलात असेपर्यंत, मथळे वरच्या A-B-C या अक्षरांच्या जागी दिसतात. वेगळी जागा त्यांना लागतच नाही. डावीकडच्या नावांसाठी तेवढे रकाने फ्रीज करावेत.

वरच्या ओळी काढणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ नमुना वरिष्ठ कार्यालयाने ठरवून दिलेला असेल, तर 1 ते 5 या ओळी निवडून `Data` टॅबवरून `Group` करा. काठावरच्या वजाच्या खुणेने त्या मिटतात आणि अधिकच्या खुणेने उघडतात. मिटलेल्या ओळी फ्रीजच्या हद्दीत असल्या, तरी जागा घेत नाहीत.

फाईल दुसऱ्याला पाठवण्याआधी एक्सेलची खिडकी लहान करा, तिची उंची पडद्याच्या निम्मी ठेवा आणि खाली सरकून पाहा. थांबलेल्या भागाखाली निदान आठ-दहा ओळी सरकताना दिसल्या, तर फाईल बहुतेक लॅपटॉपवर नीट चालेल. दिसल्या नाहीत, तर फ्रीज केलेल्या ओळी आधी कमी करा आणि मगच ती पाठवा.